बारा बारचं घर

ब्लूजच्या जॅमला एकमेकांना कधीच न भेटलेले चार लोक स्टेजवर चढतात, एकजण बाकीच्यांकडे बघून म्हणतो, "ई मध्ये, शफल, क्विक चेंज, फाइव्हवरून घेऊ," आणि पाचव्या सेकंदाला अख्खा बँड चालू. बेसवाला, ड्रमर, कुठूनतरी आलेला हार्मोनिकावाला, सगळे एकाच वेळी त्याच कॉर्डवर जातात आणि बरोबर एकाच वेळी परत येतात. संगीत न शिकलेल्या मित्रांना घेऊन गेलं की ते हमखास विचारतात, की यांनी प्रॅक्टिस कधी केली? प्रॅक्टिस झालेलीच नसते.

या प्रकाराचा सगळ्यात प्रसिद्ध किस्सा १९७३ चा आहे. रॉक अँड रोलचा गायक-गिटारवाला चक बेरी तेव्हा गावोगाव एकटा फिरायचा, फक्त गिटार घेऊन, आणि ज्या गावात शो असेल तिथलाच एखादा बँड मागे वाजवायला उभा करायचा. असाच एका कॉलेजच्या शोमध्ये मागे जो बँड होता तो ब्रूस स्प्रिंगस्टीनचा, तेव्हा त्याला कोणी फारसं ओळखत नव्हतं. पुढे एका डॉक्युमेंटरीत स्प्रिंगस्टीनने हे सांगितलंय, की बेरी शो सुरू व्हायच्या जेमतेम आधी आला, यांनी विचारलं कोणती गाणी वाजवायची, तर उत्तर आलं की चक बेरीची गाणी वाजवायची. बस्स. ना यादी, ना स्वर सांगितले, ना रिहर्सल. आणि शो झाला.

मला या किश्शात बेरीच्या बेफिकिरीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त भिडते. त्याला खात्री होती की अमेरिकेतल्या कुठल्याही गावातल्या पोरांना ही गाणी येत असणार, कारण गाणी वेगवेगळी असली तरी त्यातल्या बऱ्याच गाण्यांच्या खालची चौकट एकच आहे. बारा बारची ब्लूजची चौकट. आता यावर नेहमीचं उत्तर येतं की "सोपं आहे ना, तीनच तर कॉर्ड, म्हणून सगळ्यांनी वापरलं." हे उत्तर मला कधीच पटलं नाही. तीन कॉर्डची गाणी जगात ढिगाने आहेत, चर्चची भजनं तीन कॉर्डची असतात, कंट्रीतली अर्धी गाणी तीन कॉर्डची असतात, पण ती न ठरवता अशी वाजवता येत नाहीत, प्रत्येकाची कॉर्ड बदलायची जागा वेगळी. ब्लूजमध्ये खरी गंमत कॉर्ड किती याच्यात नाहीये, ते कुठे बसवलेत आणि मधे मोकळी जागा किती सोडलीय याच्यात आहे. रॉकला हीच मोकळी जागा वारशात मिळाली असं माझं म्हणणं आहे, आणि हा लेख त्याबद्दलच.

आधी चौकट बघून घेऊ. ई स्वरातली, कारण गिटारवर तीच सगळ्यात नैसर्गिक:

ई | ई | ई | ई
ए | ए | ई | ई
बी | ए | ई | बी

एक खण म्हणजे एक बार, एका बारमध्ये चार मात्रा. म्हणजे सगळं मिळून अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन, ते संपलं की पुन्हा पहिल्या बारवर सम, पुन्हा तेच, गाणं संपेपर्यंत. ई म्हणजे घर, सा. ए म्हणजे त्याचा मध्यम, बी म्हणजे पंचम. शेवटच्या बारमधला बी हा परत वर ढकलण्यासाठी असतो, त्या शेवटच्या दोन बारच्या वळणाला टर्नअराउंड म्हणतात. काही लोक दुसऱ्याच बारमध्ये ए वर जाऊन लगेच परत येतात, तो क्विक चेंज. आणि "फाइव्हवरून" म्हणजे पंचमावरून, गाणं पहिल्या बारपासून सुरू न करता नवव्या बारपासून उचलायचं, बी, ए, ई, बी असं चार बारचं छोटं दार उघडून आत यायचं. शफल म्हणजे झुलती लय. म्हणजे सुरुवातीच्या त्या एका वाक्यात स्वर, लय, दुसरा बार आणि सुरुवात, एवढं सगळं ठरून गेलेलं असतं.

पण हा तक्ता एकट्याने काहीच सांगत नाही, त्याच्यावर शब्द बसवले की कळतं. ब्लूजचं कडवं तीन ओळींचं, त्यातल्या पहिल्या दोन ओळी जवळजवळ सारख्या आणि तिसरी त्यांना जुळणारी. नमुन्यासाठी मी मराठीत एक रचलंय:

शेवटची गाडी गेली, मी फलाटावर उभा
हो, शेवटची गाडी गेली, मी फलाटावर उभा
खिशात तिकीट तुझ्या गावचं, पण यायची नाही मुभा

एका ओळीला चार बार. आता गाऊन बघा, ओळ गायला दोन-सव्वादोन बार पुरतात. म्हणजे "उभा" वर आवाज थांबला की जवळपास पावणेदोन-दोन बार रिकामे राहतात. तिथे कोणीच गात नाही. तिथे गिटार बोलते, किंवा हार्मोनिका, किंवा पियानो. गायक म्हणतो गाडी गेली, गिटार म्हणते हो ना रे बाबा. प्रत्येक ओळीनंतर हे होतं, म्हणजे एका कडव्यात तीनदा. बाराच्या बारा बार मोजले तर माणूस साधारण निम्मा वेळच गातो, उरलेला वेळ वाद्याचा. दुसऱ्या कुठल्या लोकप्रिय गाण्याच्या साच्यात वाद्याला एवढी हक्काची जागा दिलेली मला तरी दिसत नाही. भजनात नाही, बॅलडमध्ये नाही, ब्रॉडवेच्या बत्तीस बारच्या गाण्यात तर अजिबात नाही, तिथे गायकाची ओळ संपायच्या आत पुढची तयार असते.

रॉकची गिटार याच दोन बारमध्ये वाढली. आधी ती फक्त उत्तर द्यायची, चार-पाच स्वरांचं छोटं लिक. मग गायक अख्खं एक आवर्तन गप्प राहायला लागला आणि गिटारने बाराही बार घेतले, त्याला आपण सोलो म्हणतो. सोलोसाठी वेगळं काही रचावं लागत नाही, कारण मागचा बँड तेच वाजवत असतो, फक्त गाणारा थांबतो. बडी गाय या ब्लूज गिटारवाल्याला मुंबईत मेहबूब स्टुडिओमध्ये ऐकलं तेव्हा हे डोळ्यासमोर उलगडलं, हा माणूस ओळ म्हणतो, गिटारचा आवाज इतका खाली आणतो की हॉलमधल्या माणसांचे श्वास ऐकू यावेत, आणि त्या रिकाम्या जागेत एकच स्वर टाकतो. चालू बारमध्ये, मात्रा न चुकवता. ती जागा त्याने निर्माण केलेली नव्हती, ती आधीपासून तिथे होती, त्याला तिची किंमत माहीत होती एवढंच.

आता दुसरी ओळ. शब्द तेच, चालही बऱ्याचदा तीच, मग पुन्हा का म्हणायची? कारण खाली जमीन बदललेली असते. पाचव्या बारला बँड ए वर गेलेला असतो. हे जवळून बघण्यासारखं आहे, आणि त्यासाठी हातात गिटार असेल तर उत्तम, नसेल तर हार्मोनियमवरही होईल.

ब्लूजमधले तिन्ही कॉर्ड सेव्हन्थ असतात, म्हणजे साध्या कॉर्डला कोमल निषादाची जोड: ई सेव्हन, ए सेव्हन, बी सेव्हन. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात सेव्हन्थ कॉर्ड हा अस्वस्थ कॉर्ड, तो कुठेतरी जाऊन सुटायला हवा असतो. ब्लूजमध्ये घरच मुळात अस्वस्थ आहे. ई सेव्हनमध्ये अस्वस्थपणा आणणारे दोन स्वर म्हणजे जी शार्प आणि डी. गिटारवर तिसऱ्या तारेचा पहिला फ्रेट आणि दुसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट, दोन बोटं ठेवा आणि खाली कोणालातरी ई चा खर्ज धरायला सांगा. हा झाला ई सेव्हन. आता दोन्ही स्वर एकेक फ्रेट खाली सरकवा, म्हणजे तिसरी तार मोकळी आणि दुसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट, खर्ज ए. झाला ए सेव्हन. परत जागेवर या, आणि आता दोन्ही एकेक फ्रेट वर, खर्ज बी. झाला बी सेव्हन. अख्खी बारा बारची चौकट दोन बोटांनी, एक फ्रेट खाली आणि एक फ्रेट वर एवढ्यात वाजवून होते. खर्ज मोठ्या उड्या मारतो आणि वरचे स्वर अर्धा सूर सरकतात, म्हणून कॉर्ड बदलला हे पोटात जाणवतं पण कानाला झटका बसत नाही. मला हे पहिल्यांदा कोणीतरी दाखवलं तेव्हा मी तो संपूर्ण आठवडा दुसरं काही वाजवलंच नाही.

आणि याच्यावर गायक जे गातो ते साधारण पाच स्वरांत असतं, ई, जी, ए, बी, डी. आपल्याकडे ई ला सा धरलं तर सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद, म्हणजे धानीचे स्वर. (राग म्हणून धानी वेगळा, त्याची चाल वेगळी, मी फक्त स्वर म्हणतोय.) आता बघा काय होतं. पहिल्या ओळीत गायक "गेली" वर जी लावतो, कोमल गंधार, पण खालच्या ई सेव्हनमध्ये जी शार्प आहे, शुद्ध गंधार. दोन गंधार एकमेकांना घासतात. चांगला गायक तो स्वर धड कोमलही लावत नाही आणि शुद्धही लावत नाही, मधे कुठेतरी, आणि गिटारवाला तार किंचित ओढून तिथेच नेतो. ब्लूजचं जे दुखरेपण आहे ते बरंचसं या घासण्यात आहे. मग दुसरी ओळ, तोच शब्द, तोच जी, पण आता खाली ए सेव्हन आहे आणि ए सेव्हनमध्ये जी घरचाच स्वर आहे. जो स्वर मघाशी खुपत होता तो आता निवांत बसला. तीच ओळ, पण पहिल्यांदा ती तक्रार होती आणि दुसऱ्यांदा तिच्यात एक प्रकारची समजूत आली. आणि तिसऱ्या ओळीला खाली बी सेव्हन, ज्यात डी शार्प आहे, आणि गायकाकडे डी. पुन्हा घासणं, आणि हे सगळ्यात जोरात, बरोबर तिथे जिथे कडव्यातली मुख्य गोष्ट सांगायची असते. नवव्या बारला. "खिशात तिकीट तुझ्या गावचं" तिथे येतं.

म्हणजे गायकाने आणि गिटारवाल्याने आपले पाच स्वर बदलायची गरजच नाही, खालची जमीन बदलते आणि त्याच स्वरांचा अर्थ बदलत जातो. शिकायला किती कमी लागतं आणि त्यातून किती निघतं! त्यात भर म्हणजे गिटारच्या सहा मोकळ्या तारा बघा: ई, ए, डी, जी, बी, ई. हेच पाच स्वर. एकही बोट न लावता. गिटार हातात घेतलेल्या सोळा वर्षांच्या पोराला ब्लूज आधी का सापडतो याचं अर्धं उत्तर त्या वाद्याच्या जुळवणीतच आहे, आणि रॉक हे मुख्यतः गिटार घेतलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी केलेलं संगीत आहे.

ही चौकट कोणी एकाने बसवलेली नाही. डब्ल्यू. सी. हँडी नावाचा कृष्णवर्णीय बँडमास्टर होता, त्याने आत्मचरित्रात लिहिलंय की १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर तो गाडीची वाट बघत बसला होता, तिथे फाटक्या कपड्यातला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून, घसरवत वाजवत होता आणि एकच ओळ तीनदा म्हणत होता, दोन रेल्वेलाइन जिथे एकमेकींना छेदतात त्या जागेबद्दल. हँडीने पुढे असं संगीत कागदावर उतरवून छापलं, १९१२ ला 'मेम्फिस ब्लूज', १९१४ ला 'सेंट लुईस ब्लूज', आणि छापल्यामुळे बारा बार हा आकडा पक्का व्हायला मदत झाली. पण गावाकडे एकटा बसून गाणाऱ्या माणसाला आकड्याशी काय देणंघेणं, तो ओळ संपली की वाटेल तेवढा वेळ गिटार वाजवायचा आणि मनात आलं की पुढच्या कॉर्डवर जायचा. जॉन ली हुकरचं १९४८ चं 'बूगी चिलन' ऐका, तिथे जवळपास एकच कॉर्ड आहे आणि पायाचा ठेका. लाइटनिन हॉपकिन्सचे बार मोजायला गेलात तर साडेअकरा भरतील, तेरा भरतील. आणि ते अतिशय सुंदर आहे, त्याला चूक म्हणणाऱ्याला ब्लूज कळलेला नाही.

आकडा लागतो तो मागे माणसं आली की. मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपी सोडून शिकागोला गेला, तिथल्या गोंगाटाच्या क्लबमध्ये एकट्या गिटारचा आवाज पुरेना, मग इलेक्ट्रिक गिटार आली, मागे बेस, ड्रम, हार्मोनिका, पियानो. आता पाच जणांनी एकदम ए वर जायचं तर कधी जायचं हे ठरलेलं हवं. गाणाऱ्याने मनात आलं म्हणून अर्धा बार जास्त घेतला की सगळं कोसळणार. शेतावरचं मोकळं गाणं शहरात बँड झालं आणि त्या व्यवहारातून बारा बार पक्के झाले. रॉकला जे मिळालं ते हे शहरातलं, मोजलेलं रूप.

यात हरवलं काहीतरी, हे मी मान्य करतो. हॉपकिन्सचा तो मोकळा श्वास बँडच्या ब्लूजमध्ये नाही. पण त्या बदल्यात मिळाला नाच. बूगी वूगी वाजवणारे पियानोवाले डाव्या हाताने जो गडगडता ठेका धरायचे तो गिटारवर कसा आणायचा हे रॉबर्ट जॉन्सनच्या १९३६ च्या रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतं. गिटारवर तो असा: पाचवी तार मोकळी आणि चौथ्या तारेचा दुसरा फ्रेट, दोनदा, मग फक्त करंगळी किंवा तिसरं बोट चौथ्या फ्रेटवर, दोनदा, परत मागे. सा-प, सा-प, सा-ध, सा-ध. बस्स एवढंच, आणि कॉर्ड बदलला की हाच हात एक तार वर नाहीतर खाली. चक बेरीने हाच हात घेतला आणि झुलता शफल काढून सरळ, समान आठ ठोक्यांत मारला. 'जॉनी बी. गुड' १९५८ चं, शिकागोच्या चेस रेकॉर्ड कंपनीचं, नीट ऐकलं तर कळतं की मागचा ड्रमर अजून थोडा झुलतोय आणि बेरीची गिटार सरळ चाललीय, आणि त्या दोघांच्या किंचित न जुळण्यातून ते गाणं पुढे ओढलं जातं. माझ्या मते रॉक अँड रोलचा जन्म बघायचा असेल तर तो या ओढाताणीत बघावा. त्याच सुमाराला न्यू ऑर्लिन्सला लिटल रिचर्ड पियानोवर उजव्या हाताने सरळ आठ ठोके मारत होता, त्याच्याही 'टुटी फ्रुटी' आणि 'लाँग टॉल सॅली' खाली चौकट हीच.

त्या सा-प मध्ये गंधार नाहीये हे लक्षात घ्या. दोनच स्वर, ना कोमल गंधार ना शुद्ध. पुढे अँपचा आवाज फाटेपर्यंत वाढवायची पद्धत आली तेव्हा हे फार कामाला आलं. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र वाजले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर तयार होतात. सा आणि पंचमाचं नातं दोनास तीन इतकं सरळ असल्यामुळे ते नवे स्वर त्याच दोघांच्या ओळीत बसतात आणि आवाज जाड होतो. मधे गंधार घातला की हे गणित बिघडतं आणि नुसता चिखल होतो. म्हणून रॉकची गिटार दोन स्वरांचा पॉवर कॉर्ड वाजवते, आणि गंधार कोमल की शुद्ध हा ब्लूजमधला मूळ झगडा गायकासाठी आणि सोलोसाठी मोकळा राहतो. जुनी चौकट आणि नवं यंत्र एकमेकांना असे आयते सापडले.

वाजवताना नवीन लोक कुठे अडकतात हेही सांगायला हवं, कारण त्यातून चौकटीचा स्वभाव कळतो. सगळ्यांना वाटतं नवव्या बारला गोंधळ होईल, तिथे कॉर्ड भरभर बदलतात. तिथे होत नाही. गोंधळ होतो तिसऱ्या-चौथ्या बारमध्ये आणि सातव्या-आठव्यात, जिथे काहीच घडत नाही. चार बार एकच कॉर्ड धरून बसणं अवघड असतं, हात शिवशिवतो, आणि माणूस तिसऱ्याच बारनंतर ए वर पळतो. झालं, आता तो बाकीच्यांपेक्षा एक बार पुढे. कसं ओळखायचं? मात्रा मोजत बसू नका, गाणाऱ्याचे शब्द ऐका. तीच ओळ दुसऱ्यांदा सुरू झाली की तुम्ही ए वर असायला हवं, नवी ओळ सुरू झाली की बी वर. आणि सोलो चालू असेल, शब्दच नसतील, तर ड्रमरकडे कान द्या, जाणता ड्रमर चौथ्या बारच्या शेवटी छोटा आणि बाराव्याच्या शेवटी मोठा फिल टाकतो, म्हणजे ठेका सोडून एक तुकडा वाजवतो. हरवलातच तर वाजवणं थांबवा आणि टर्नअराउंडची वाट बघा. बारा बारमध्ये हरवलेला माणूस फार तर अर्ध्या मिनिटात पुन्हा घरी येतो. कमी सराव असलेले बँड शोमध्ये तरून जातात ते यामुळे.

पण या चौकटीला मर्यादा आहे आणि ती मोठी आहे. ती गोल फिरते. एका जागेहून दुसऱ्या जागी नेणारं गाणं तिच्यात होत नाही, कडव्यामागून कडवं, प्रत्येक वेळी तोच चढ आणि तीच उतरण. १९६० नंतरच्या पोरांना ती पाठ होती आणि ऐकणाऱ्यांनाही पाठ होती. मग जे झालं ते मला सगळ्यात जास्त आवडतं. ऐकणाऱ्याला पुढे काय येणार हे माहीत आहे, याचाच वापर गाणी करायला लागली.

बीटल्सचं १९६५ चं 'डे ट्रिपर' घ्या. ई मध्ये दोन बारचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा. कडवं सुरू होतं, रिफ दोनदा, म्हणजे चार बार ई. मग तोच रिफ उचलून ए वर, दोन बार. परत ई वर, दोन बार. आठ बार झाले आणि इथपर्यंत शंभर टक्के ब्लूज, ऐकणाऱ्याचं शरीर नवव्या बारच्या बी साठी तयार होऊन बसलेलं असतं. आणि नवव्या बारला येतो एफ शार्प. रिफ बंद, सगळं एकदम उघडतं, चार बार तिथेच, मग ए, जी शार्प, सी शार्प, आणि तेव्हा कुठे सोळाव्या बारला बी, जो परत ई कडे ढकलतो. ज्याने आयुष्यात ब्लूज ऐकला नाही त्याला हे छानच वाटेल, पण ज्याच्या अंगात बारा बार मुरलेत त्याच्या पायाखालची फळीच सरकते. आणि मग मधल्या वाद्यांच्या तुकड्यात बँड तो रिफ बी वर नेतो आणि तिथेच गोल गोल वाजवत राहतो, ताण वाढतच जातो, वाढतच जातो. जो बी नवव्या बारला दिला नाही तो इथे पोटभर. गाण्याच्या रचनेतली इतकी हुशार उधारी-वसुली मी क्वचितच बघितलीय.

क्रीमचं १९६७ चं 'सनशाइन ऑफ युअर लव्ह' तसंच, फक्त सगळं दुप्पट. डी मध्ये आठ बार रिफ, मग जी वर चार, डी वर चार, म्हणजे ब्लूजचे पहिले आठ बार ताणून सोळा केलेत, आणि मग जिथे ए आणि जी यायला हवेत तिथे ए, सी, जी असे तीन कॉर्ड आपटत येतात. लेड झेपेलिनचं १९७१ चं 'रॉक अँड रोल' ही दुप्पट, पण तिथे कॉर्डशी काही खोडसाळपणा नाही, सरळ ए मधली चौकट चोवीस बारवर पसरलेली. ड्रमची सुरुवात इतकी दणदणीत आहे की हा ब्लूज आहे हे कित्येकांच्या लक्षातच येत नाही. आणि लोकांना सगळ्यात आश्चर्य वाटतं ते क्वीनच्या १९८४ च्या 'आय वाँट टू ब्रेक फ्री' चं. सिंथेसायझर, गुळगुळीत आवाज, शफलचा पत्ता नाही, पण कडवं ऐका: बराच वेळ ई, मग ए, परत ई, मग बी, ए आणि ई. तीच वाट. ओळही सुरुवातीला पुन्हा पुन्हा तीच म्हटलेली.

सत्तरीनंतर शुद्ध बारा बार रॉकमधून कमी झाले हे खरंय. रिफ मालक झाला, आणि दोन बारचा रिफ एकदा जमला की त्याला कॉर्ड बदलायची फारशी गरज नसते, तो एकाच जागी चालतो, म्हणजे एका अर्थी हुकरच्या एका कॉर्डकडेच परत गेल्यासारखं. मोकळी जागाही भरत गेली, गायकाच्या ओळीनंतर आता दुसरे आवाज येतात, थर येतात, गिटारला विचारतो कोण.

म्हणून १९९५ च्या अल्बममधलं ट्रेसी चॅपमनचं 'गिव्ह मी वन रीझन' रेडिओवर तुफान चाललं तेव्हा मला विशेष वाटलं होतं. काहीही लपवलेलं नाही, काहीही वाकवलेलं नाही, सरळ बारा बार. ती एक ओळ म्हणते, थांबते, आणि गिटार बोलते. मग तीच ओळ, पाचव्या बारला खालची जमीन बदललेली. नवव्याला नवी ओळ. सलग साडेचार मिनिटं, दुसरं काहीही नाही, आणि एकदाही असं वाटत नाही की आता काहीतरी वेगळं व्हायला हवं.